दोन मोजण्यांवरून जिवाणूंच्या वाढीचा दर: प्लेट लावायची की ओडी घ्यायची?

मार्च-एप्रिलमध्ये सोलापुरात प्रोजेक्टची घाई सुरू झाली की मायक्रोबायोलॉजीची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, दोन रीडिंग घेऊन ग्रोथ रेट काढायचाय. प्लेट काउंट करू की कलरीमीटरवर ओडी घेऊ?" माझं उत्तर दरवेळी सारखं नसतं. प्लेट म्हणजे नमुना पातळ करून पसरवायचा आणि उगवलेल्या कॉलन्या मोजायच्या; ओडी म्हणजे कल्चर किती गढूळ झाला ते त्याने अडवलेल्या प्रकाशावरून वाचायचं. उत्तर का बदलतं, हे एका उदाहरणावरून सांगतो.

आधी हिशेब बघू. जिवाणू बेरजेने वाढत नाहीत, दुपटीने वाढतात. म्हणून दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून तासांनी भागलं की उत्तर चुकतं. वजाबाकी करायची ती लॉगची. µ म्हणजे वाढीचा दर, N1 आणि N2 म्हणजे t1 आणि t2 या वेळांना असलेली संख्या:

```
µ = (ln N2 − ln N1) / (t2 − t1)
दुप्पट होण्याचा काळ = 0.693 / µ
```

लॉगची वजाबाकी म्हणजे दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा लॉग. प्लेट की ओडी, हा निर्णय इथेच होतो. दोन्ही मोजण्यांत जी चूक सारख्याच पटीत होते ती गुणोत्तरात उडून जाते, आणि एकाच मोजणीत झालेली चूक थेट दरात उतरते.

आता उदाहरण. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये ई. कोलाय, ३७ अंशांवर, शेकरवर. सकाळी १० वाजता इनॉक्युलेशन. ११ वाजता हजारपट डायल्यूशनमधून ०.१ मिली पसरवलं, दुसऱ्या दिवशी ६२ कॉलन्या आल्या. म्हणजे दर मिलीला ६ लाख २० हजार. दुपारी १ वाजता दहा हजारपट डायल्यूशनमधून तेवढंच पसरवलं, १४९ कॉलन्या. म्हणजे दर मिलीला १ कोटी ४९ लाख. गुणोत्तर २४, त्याचा नॅचरल लॉग ३.१८, दोन तासांनी भागून µ आला ताशी १.५९. दुप्पट व्हायला साधारण २६ मिनिटं.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? कॉलन्यांची मोजणी मुळातच थोडी नशिबावर असते. तीच नळी पुन्हा प्लेट केली तर ६२ ऐवजी ५४ किंवा ७० सहज येतील. त्यामुळे दोन्ही प्लेटा मिळून µ मध्ये सुमारे ०.०८ चा चढउतार धरावा लागतो. दुप्पट होण्याचा काळ २५ ते साडेसत्तावीस मिनिटांच्या दरम्यान, इतकंच ढोबळमानाने म्हणता येतं. ३० ते ३०० कॉलन्यांचीच प्लेट मोजा म्हणतात त्याचं एक कारण हेच. पहिल्या प्लेटवर ६२ ऐवजी ९ कॉलन्या असत्या तर हा चढउतार दुपटीहून जास्त झाला असता.

पिपेटची चूक मात्र वाटते तितकी छळत नाही. डायल्यूशनच्या दर पायरीला १ मिली नमुना ९ मिलीच्या ब्लँकमध्ये घालून तो दहापट पातळ करतो. समजा तुमची १ मिलीची पिपेट खरं तर ०.९ मिलीच सोडते. पहिल्या तीन डायल्यूशनांतली चूक दोन्ही वेळच्या नमुन्यांत सारखी, म्हणून ती उडाली. दुसऱ्या नमुन्याला लागलेली चौथी पायरी तेवढी उरते. तिने दुसरा आकडा सुमारे ९ टक्क्यांनी कमी येतो, म्हणजे µ मध्ये ०.०५ ची घट. चालण्यासारखं आहे.

आपल्याकडे खरा घात करतो तो उकाडा. खोलीतच पारा चाळिशीकडे गेलेला असतो, आणि नळी टेबलावर ठेवून तुम्ही डायल्यूशन ब्लँक शोधत बसता. नळीतला कल्चर थांबत नाही, वाढतच राहतो. पहिल्या नमुन्याला ५ मिनिटं लागली आणि दुसऱ्याला १५, तर त्या जादा दहा मिनिटांत संख्या जवळपास ३० टक्क्यांनी वाढू शकते आणि १.५९ चा दर १.७२ होऊन बसतो. दोन्ही नमुन्यांना १५-१५ मिनिटं लागली असती तर काहीच बिघडलं नसतं. म्हणून नमुना काढला की तो सरळ बर्फात ठेवायचा.

आता ओडी. तिचं मोठं सुख म्हणजे मिलीमागे किती जिवाणू आहेत हे माहीत असायची गरज नाही. गुणोत्तरच हवं, तेव्हा ओडी संख्येच्या प्रमाणात वाढते एवढं पुरतं. उत्तरही त्याच दुपारी मिळतं, प्लेटसाठी थांबावं लागत नाही.

पण वरच्या उदाहरणातले ११ आणि १ चे नमुने कलरीमीटरला दिसलेच नसते. ई. कोलायची ०.१ ओडी म्हणजे ढोबळमानाने दर मिलीला ८ कोटी पेशी. एक वाजता कल्चर जेमतेम ०.०२ वर होता. तो पावणेदोनला ०.०६ आणि पावणेतीनला ०.२९ वर गेला, तर लॉगचा फरक १.५८, म्हणजे µ १.५८. प्लेटच्या उत्तराशी छान जुळतं. पुढे ०.४ च्या वर मात्र प्रकाश पेशींवर पुन्हापुन्हा विखुरतो आणि ओडी खऱ्यापेक्षा कमी दिसू लागते. तिथे डायल्यूट करूनच वाचायचं.

ओडीचा कच्चा दुवा ब्लँक, म्हणजे ज्या नळीवर कलरीमीटरचं शून्य लावतो ती. पाणी ठेवून शून्य केलं आणि पिवळसर ब्रॉथची स्वतःची ०.०१ दोन्ही रीडिंगमध्ये मिसळली, तर खरे आकडे ०.०५ आणि ०.२८ होते, आणि खरा µ १.७२. चूक दोन्हीकडे सारखीच होती, मग उडाली का नाही? कारण ती बेरजेची चूक आहे, पटीची नाही. लहान रीडिंगला ती जास्त झोंबते. ब्लँक त्याच बाटलीतल्या, इनॉक्युलेशन न केलेल्या ब्रॉथचाच हवा.

मग निवड कशी करायची? स्वच्छ ब्रॉथ, सुट्या पेशी आणि तापमान किंवा पीएच बदलून वेग बघायचा असेल, तर मी ओडीच सांगतो. पण दुधात वाढ मोजायची असेल तर ओडीचा विषय संपला; दूध स्वतःच गढूळ असतं. अँटिबायोटिक किंवा मीठ-मसाल्याचा परिणाम बघायचा असेल तरी प्लेटच हवी, कारण मेलेली पेशीही प्रकाश अडवते. दह्यातल्या साखळीने वाढणाऱ्या जिवाणूंची एक साखळी प्लेटवर एकच कॉलनी देते, पण साखळ्यांची लांबी बदलली नाही तर गुणोत्तराला त्याचा धक्का बसत नाही.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींना करता येत नाही. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे मधे काय झालं ते त्या दोघांना विचारून उपयोग नाही. आमच्या कल्चरमध्ये १० वाजता साडेतीन लाख होते. पहिली मोजणी तीच धरली असती तर तीन तासांचा µ १.२५ आणि दुप्पट व्हायला ३३ मिनिटं असं उत्तर आलं असतं, कारण पहिला तास बराचसा लॅग फेजमध्ये, म्हणजे वाढीला वेग येण्याआधीच्या तयारीत, गेला होता. यावर उपाय स्वस्त आहे. १२ वाजता आणखी एक प्लेट लावा. ११ ते १ वाढ एकसारखी असेल तर तिथे ३० लाखांच्या आसपास यायला हवेत. १५ लाखच आले तर ११ वाजताही कल्चर पुरता जागा झालेला नव्हता, म्हणून दर १२ ते १ मधूनच काढायचा.

प्रोजेक्टच्या वहीत हमखास होणारा एक घोळ राहिला. काही पुस्तकं लॉग दहाच्या फरकाला ३.३२ ने गुणून आणि तासांनी भागून ताशी पिढ्या काढायला सांगतात. आपल्या उदाहरणात त्या २.२९ येतात. µ १.५९ आणि हे २.२९ दोन्ही बरोबर आहेत, २.२९ ला ०.६९३ ने गुणलं की १.५९ मिळतात. पण २.२९ ला µ समजून ०.६९३ त्याने भागलं, की दुप्पट होण्याचा काळ १८ मिनिटं निघतो, आणि एक्स्टर्नल परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. आकड्याशेजारी 'µ' की 'ताशी पिढ्या' ते लिहा, आणि खाली मिनिटं लिहा. ती दोन्ही वाटांनी २६ च यायला हवीत.