फोटोतून जुन्या जावयाला काढायचं आहे: मोबाईल इरेजर, स्टुडिओ की त्याच भिंतीचा नवा फोटो?

हा प्रश्न आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे फक्त कोणी मोठ्याने बोलत नाही. घटस्फोट झाला, माणूस गेला, पण घरातला जो सगळ्यात चांगला फोटो आहे त्यात तो मधोमध उभा. माझ्या मामेबहिणीकडे असाच फोटो आहे, दिवाळीतला, रोलच्या कॅमेऱ्यावर काढलेला, चार बाय सहाचा. आजी बाजेवर बसलेली, मांडीवर नात, बाजूला बहीण, अन् मागे तो उभा, एक हात आजीच्या खांद्यावर. पाठीमागे पांढऱ्या मातीने पोतारलेली भिंत, खाली गेरूचा पट्टा, अर्धी दाराची चौकट अन् वर कवेलूची कड. आजी आता नाही अन् तिचा असा हसरा फोटो दुसरा कोणताच नाही, म्हणून घाईघाईत काही करण्याआधी कोणत्या पद्धतीने काय मिळतं ते नीट पहा.

आधी स्कॅन, ते कोणत्याही पद्धतीला लागतंच. चार बाय सहाचा प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे आठ बाय बाराची फ्रेम आरामात निघते. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असतो पण तिथे बहुतेक २०० नाहीतर ३०० वर सेट असतो, मुद्दाम सांगावं लागतं, आधी काच पुसायला पण सांगा. फाईल व्हॉट्सॲपवर घेताना डॉक्युमेंट म्हणून घ्या, फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते. मूळ प्रिंटवर पेन, कात्री काहीच नाही.

तो माणूस कडेला उभा असेल अन् कोणाला चिकटलेला नसेल तर सरळ क्रॉप करा, बाकी कशाचीच गरज नाही. आपल्या फोटोत ते जमत नाही कारण तो मधात आहे.

मोबाईलचं इरेजर घ्या. गुगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर २०२४ पासून पैसे न भरताही वापरता येतं, स्नॅपसीडमध्ये हीलिंग आहे. बोट फिरवलं की माणूस गायब. नुसत्या भिंतीपुरतं काम बरं होतं, कारण असं टूल आजूबाजूचं पाहून मधली जागा भरतं अन् पोतारलेली भिंत सगळीकडे जवळपास सारखीच असते. गडबड होते चौकटीजवळ. त्याच्यामागे चौकटीचं लाकूड सरळ खालपर्यंत गेलेलं आहे हे टूलला माहीतच नाही, ते लाकूड मधातच वितळल्यासारखं करतं, गेरूचा पट्टा एका बाजूला दोन बोटं वर, दुसऱ्या बाजूला खाली. लहान स्क्रीनवर दिसत नाही, फ्रेम करून भिंतीला टांगल्यावर रोज दिसतं. अन् आजीच्या खांद्यावरचा हात पुसला की तिथे पदराचा नुसता धूर होतो. काही नवी टूल तिथे स्वतःच्या मनाने खांदा, पदर, कधी बोटं सुद्धा बनवून टाकतात, दिसायला छान, पण ती आजी नाही. चेहऱ्याला अन् अंगाला हे टूल मी लावू देणार नाही, भिंतीला खुशाल लावा.

तिसरा रस्ता गावात राहणाऱ्यांना जास्त सोपा आहे अन् तो कोणी सांगत नाही. ते घर अजून उभं आहे ना? मग त्या माणसाच्या मागे काय होतं ते अंदाजाने कशाला बनवायचं, जाऊन त्याच भिंतीचा फोटो काढून आणा. जुना फोटो हातात धरून उभं राहा, कॅमेरा जवळपास त्याच जागी अन् त्याच उंचीवर आणा, चौकटीची कड अन् कवेलूची ओळ एकमेकांना जिथे शिवतात तो कोपरा जुळवा. मोबाईलच्या वाइड लेन्सने काढू नका, कडेच्या रेषा ताणल्या जातात. उन्हाचं असं आहे, दिवाळीच्या सुमारास, समजा ५ नोव्हेंबरला, सूर्य जितका उंच असतो तितकाच तो ५ फेब्रुवारीच्या आसपास परत येतो, २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर. फक्त फेब्रुवारीत घड्याळ अर्धा तास पुढे धरा, तेव्हा सकाळी नऊचा फोटो असेल तर आता साडेनऊला काढा, सावल्या जुळतात. भिंतीला आता ऑइल पेंट मारला असेल तरी चौकट अन् कवेलू कामाला येतात, भिंतीचा भाग जुन्या फोटोतूनच क्लोन करायचा, म्हणजे एका जागचा तुकडा उचलून दुसऱ्या जागी उमटवायचा.

मग कॉम्प्युटरवर गिम्प, ते फुकट आहे. जुना फोटो वरच्या लेअरला, नवा भिंतीचा खाली, वरच्यावर मास्क लावून तो माणूस हळूहळू काळ्या ब्रशने झाका की खालून खरी भिंत दिसते. नवा फोटो फार धारदार असतो म्हणून त्याला थोडा ब्लर अन् रोलच्या फोटोसारखा बारीक दाणा द्यावा लागतो, रंगही जरा पिवळसर करावा लागतो, नाहीतर तेवढा तुकडा चिकटवलेला दिसतो. भिंतीवर त्याची सावली पडलेली असते ती काढायला लोक विसरतात, माणूस नाही अन् सावली आहे असं होतं. आजीची सावली मात्र राहू द्या.

खांदा शेवटी करायचा, तिथे घाई नको. हाताखाली पदराचा काठ कुठून कुठे जात असेल ती रेघ आधी ठरवा, हाताच्या वर अन् खाली काठ दिसतोच, दोन टोकं जोडा. मग हाताखालच्या पदरातून Ctrl दाबून नमुना घ्या अन् लहान ब्रशने क्लोन करा, थोडं थोडं, दर वेळी नमुन्याची जागा बदलून. दुसरा खांदा उलटा करून चिकटवायचा मोह होतो पण उजेड एकाच बाजूने आहे, उलटा केला की सावली चुकीच्या बाजूला जाते. झालं की फोटो आडवा उलटून पहा, सवय मोडते अन् चूक लगेच दिसते. भिंतीवरचा एकच पोपडा दोनदा दिसतोय का तेही पहा, क्लोनची चोरी तिथेच पकडली जाते.

यात शिकणाऱ्याचे दोन-तीन दिवस जातात. तेवढा वेळ नसेल तर स्टुडिओवाल्या दादाला द्या, पण सोबत भिंतीचा नवा फोटो नक्की द्या. तो नाही दिला तर बरेच जण सगळ्यांना कापून बागेच्या नाहीतर धबधब्याच्या बॅकग्राऊंडवर बसवतात, मग ते आपलं आंगण राहत नाही. चेहरे गुळगुळीत करू नका हे सांगा, आजीच्या सुरकुत्या जशाच्या तशा पाहिजेत. मोठी फ्रेम काढायच्या आधी एक चार बाय सहाचा प्रिंट मागा.

मधात जी जागा रिकामी होते ती भरायला बहिणीला आजीकडे सरकवू नका. तिच्यासोबत तिची सावली, बाजेवरची चादर, सगळंच सरकवावं लागतं. मागे नुसती चौकट दिसली तरी फोटो पूर्ण वाटतो.

माझं मत विचाराल तर या फोटोसाठी भिंत नवीन फोटोतून, खांदा हाताने, इरेजर फक्त सुटी राहिलेली ठिपकी पुसायला. अन् मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर वेगळं ठेवा, मांडीवरची नात त्याचीही लेक आहे, उद्या तिने मागितला तर देता आला पाहिजे.