‘सनराइज’ : काही महिने ऐकल्यानंतर, आणि शेजारी मूळ गाणी ठेवल्यानंतर

एल्विस प्रेस्लीच्या मेम्फिसमधल्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगचा हा दोन डिस्कचा संच १९९९ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने काढला. १९५४-५५ या दोन वर्षांत सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत जे झालं, ते जवळपास सगळं यात आहे. रॉक अँड रोल कुठून आला हे कानांनी समजून घ्यायचं म्हणून मी तो घेतला. त्या कामासाठी संच उत्तम आहे, पण नुसता संच ऐकून अर्धंच कळतं.

सनने एल्विसच्या पाच सिंगल काढल्या. पहिलीच घ्या, जुलै १९५४ ची. एका बाजूला ‘दॅट्स ऑल राइट’, आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं १९४६ चं ब्लूज. दुसऱ्या बाजूला ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, ब्लूग्रास या कंट्री संगीतातल्या शैलीचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोचं गाणं. त्या काळी अमेरिकेत या दोन प्रकारांचे श्रोते, रेडिओचे कार्यक्रम, विक्रीच्या याद्या सगळं वेगळं होतं. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९४९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डना रिदम अँड ब्लूज हे नाव दिलं. त्याआधी त्याच यादीला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. अशा वातावरणात एकाच तबकडीच्या दोन बाजूंना ही दोन गाणी असणं, हीच मोठी गोष्ट होती.

आता क्रुडपचं मूळ गाणं आणि एल्विसचं लागोपाठ ऐका. मला वाटलं होतं, मूळ गाणं संथ आणि रडवेलं असेल. तसं अजिबात नाही. तिथे इलेक्ट्रिक गिटार आहे, बास आहे, ड्रमही आहे आणि चाल चांगली उड्या मारते. एल्विसच्या गाण्यात मात्र ड्रम नाहीच! ठेका येतो तो बिल ब्लॅकच्या उभ्या बासमधून. तो तार ओढून सोडतो तेव्हा ती लाकडावर आपटते, आणि तो ‘टक्’ आवाज ड्रमची जागा भरून काढतो. एल्विस स्वतः साधी गिटार खडाखडा वाजवतोय. तिसरा माणूस स्कॉटी मूर. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारवर मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अॅटकिन्स या कंट्री वादकांचा ठसा स्पष्ट आहे: अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर सूर खेळवतात. म्हणजे शब्द आणि चाल ब्लूजची, साथ कंट्रीची. हे एकदा कानात बसलं की ‘मिश्रण’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

उलट्या दिशेचा प्रवास ‘ब्लू मून ऑफ केंटकी’त ऐकू येतो. मन्रोचं मूळ गाणं तीन-तीन मात्रांचं वॉल्ट्झ आहे, आपल्या कानाला दादऱ्याच्या अंगाचं. एल्विसने ते चार मात्रांत आणलं, म्हणजे दादऱ्यातलं गाणं उचलून केरव्यात बसवावं तसं. दुसऱ्या डिस्कवर या गाण्याचा आधीचा प्रयत्न आहे, आणि माझ्या मते पूर्ण संचातला सर्वात मोलाचा ऐवज तोच. ठेका बदललाय, पण लय अजून रेंगाळते, एल्विस शब्द ताणून ब्लूजसारखे गातो. शेवटी फिलिप्सचा खुश झालेला आवाज येतो. आता हे जवळजवळ पॉप गाणं झालं, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलतो. बाजारात आलेली आवृत्ती याहून बरीच जलद आहे. गंमत म्हणजे खुद्द मन्रोने १९५४ मध्येच ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये, पुढे एल्विससारखं चार मात्रांत. चिडण्याऐवजी शिकला, हे मला आवडलं.

आवाजाबद्दल. गायकाच्या मागे जो चटकन येणारा एकच प्रतिध्वनी आहे, तो खोलीचा नाही. फिलिप्स आवाज दुसऱ्या टेप मशीनवर घेई. रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांत थोडं अंतर असल्यामुळे आवाज सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतका उशिरा बाहेर पडे, आणि तो मूळ आवाजात मिसळला जाई. तिघांच्याच वाद्यमेळाला भरीवपणा आला तो यामुळे. चांगल्या हेडफोनवर ऐकाल तर शब्दाच्या शेवटी तो नेमका पकडता येतो. काही गाण्यांच्या मूळ टेप हरवल्याने ती तबकडीवरून घ्यावी लागली आहेत, तिथे फरक कळतो. दुसऱ्या डिस्कवरची रेडिओ आणि मंचावरची रेकॉर्डिंग तर खरखरीत आहेत. अभ्यासाला ठीक, रोज ऐकायला नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘मिस्टरी ट्रेन’वर घालवला. पाचव्या सिंगलची ही एक बाजू, ऑगस्ट १९५५. मूळ गाणं ज्युनियर पार्करचं, तेही १९५३ मध्ये सननेच काढलेलं; सॅक्सोफोन आहे, गाडी जड पावलांनी निघते. एल्विसची गाडी सुसाट, आणि शेवटी तो चक्क हसतो. पण एल्विसच्या आवृत्तीतली मूरची प्रसिद्ध गिटारची तान पार्करच्या या गाण्यातली नाही. ती पार्करच्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरच्या ‘लव्ह माय बेबी’तून आली आहे, हे ते गाणं शोधून ऐकल्याशिवाय कळणार नाही. आणि अजून एक पायरी मागे जा: ‘मिस्टरी ट्रेन’मधली सोळा डब्यांच्या गाडीची ओळ कार्टर फॅमिली या गोऱ्या कंट्री गायकांच्या १९३० च्या ‘वरीड मॅन ब्लूज’मध्ये सापडते. कार्टर कुटुंब डोंगराळ भागात गाणी गोळा करत फिरे, त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. तेव्हा एल्विसने ब्लूज आणि कंट्री यांना पहिल्यांदा एकत्र आणलं, हे विधान मी तरी आता करणार नाही. त्याने जे उचललं ते आधीच मिसळलेलं होतं. वेगळी होती ती दुकानातली कप्पेबंदी.

ती कप्पेबंदी किती घट्ट होती, याचा एक किस्सा. ‘दॅट्स ऑल राइट’ मेम्फिसच्या रेडिओवर वाजवणाऱ्या ड्यूई फिलिप्सने (सॅमचा नातेवाईक नव्हे) एल्विसला बोलावून शाळा कोणती ते विचारलं. उत्तर आलं, ह्यूम्स. शाळा वर्णानुसार वेगळ्या असल्याने, गाणारा मुलगा गोरा आहे हे श्रोत्यांना आपोआप समजलं. क्रुडपला मात्र या गाण्याची योग्य रॉयल्टी हयातभर मिळाली नाही. तो १९७४ मध्ये गेला.

ड्रमबद्दलही एक नोंद. या पाच सिंगलमध्ये ड्रम येतो तो ‘आय ॲम लेफ्ट, यू आर राइट, शी इज गॉन’ आणि ‘आय फरगॉट टू रिमेंबर टू फरगेट’ या गाण्यांत, म्हणजे कंट्रीच्या बाजूला! दुसरं गाणं तर पुढे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

संचाची खरी उणीव अशी की इथे एकाच दिशेचं ऐकायला मिळतं: गोरा मुलगा कृष्णवर्णीयांचं संगीत घेतो. दुसऱ्या बाजूसाठी चक बेरीचं ‘मेबेलीन’ लागेल. मे १९५५ मध्ये शिकागोत, चेस कंपनीसाठी केलेलं हे गाणं बॉब विल्सने लोकप्रिय केलेल्या ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री गाण्यावरून घडलं. वर जॉनी जॉन्सनचा ब्लूज पियानो, आणि शब्द अस्सल मोटारवेड्या पोरांचे.

विकत घ्यायचा असेल तर दुसऱ्या डिस्कसह घ्या. पहिली डिस्क इतर बऱ्याच संग्रहांत मिळते. आणि ऐकताना क्रुडप, मन्रो, पार्करच्या दोन्ही बाजू, कार्टर फॅमिली आणि ‘आयडा रेड’ हाताशी ठेवा. आधी मूळ, लगेच एल्विस, असा क्रम लावलात तर एका सुट्टीच्या दुपारी होण्यासारखं आहे.