‘सगळ्याला चालतो’ म्हणून घेतलेला काळा पेपर : आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरातली ओटीवरची खिडकी घासायला काढली. दुकानात जाऊन नुसतं "पॉलिश पेपर द्या" म्हणालो, ही चूक माझीच. काउंटरवरच्या मुलाने काळ्या वॉटर पेपरचे पंधरा ताव पुढे सरकवले. "काका, हाच न्या, सगळ्याला चालतो. पाण्यातसुद्धा." पंधरातले नऊ अजून कपाटात पडून आहेत आणि त्यांच्याकडे बघितलं की माझं डोकं तापतं.

खिडकी एकच, पण तिच्यात तीन कामं आहेत. चौकट कोऱ्या सागवानाची. झडपांवर तीन पिढ्यांचा ऑइल पेंट. आणि मध्ये पाच लोखंडी गज, खाऱ्या वाऱ्याने गंजून फुललेले.

चौकटीवर तो काळा पेपर पाण्यात भिजवून फिरवला. पाण्याने सागवानाचे तंतू उभे राहिले, लाकूड हाताला खरखरीत लागायला लागलं आणि पेपरची काळी पूड लाकडाच्या बारीक भोकांत जाऊन बसली. सोनेरी लाकडावर पेन्सिलीने रेघोट्या माराव्यात तसं दिसत होतं. हा पेपर सिलिकॉन कार्बाइडचा. त्याचे दाणे धारदार असतात पण ठिसूळ, आणि इतके दाटीवाटीने लावलेले की भुशाला जायला जागाच नसते. कोऱ्या लाकडावर कोरडा घासला तर दोन मिनिटांत बुजतो, ओला घासला तर हे असं.

शेजारचे सुतारकाका बघायला आले. "अहो, हा लाकडाचा पेपर नव्हे. तपकिरी घ्या, अल्युमिनाचा. आणि नंबर उडवू नका." पहिलं ऐकलं, दुसरं नाही. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे साठ आणि एकशेऐंशी नंबरचेच ताव आणले, मधल्या नंबरांचे पैसे वाचवले. साठने काळे डाग गेले, एकशेऐंशीने चौकट गुळगुळीत लागली, मी खूश. पॉलिशचा पहिला हात मारला आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आडवे ओरखडे लख्ख उठून दिसले.

साठ नंबरचा दाणा साधारण पाव मिलिमीटरचा असतो, एकशेऐंशीचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. मोठ्या दाण्याने पाडलेल्या चरीचा तळ गाठायला बारीक पेपरला जन्म जातो. तो नुसते चरीचे काठ गोल करतो, म्हणून बोटाला फसवणूक होते. पॉलिश आत उतरलं की चरी रंग जास्त पितात आणि उघड्या पडतात. सगळं पुन्हा काढलं. या वेळी ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी, दर वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. प्रत्येक नंबराआधी चौकटीवर पेन्सिलीने नागमोडी रेघ मारायची आणि ती सगळीकडून पुसली जाईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मधेमधे अंधार करून टॉर्च आडवा धरून बघायचं. एकशेऐंशीनंतर ओलसर फडकं फिरवलं, वाळल्यावर उठलेले तंतू दोनशेवीसने हलकेच कापले आणि थांबलो. त्याहून बारीक घासलं तर लाकूड चकचकीत होतं आणि पॉलिश आत ओढून घेत नाही. वाचवलेल्या मधल्या नंबरांचे पैसे चौपट होऊन गेले, हा हिशेब बायकोला सांगितलेला नाही.

पेपर हातात नुसता धरू नका. बोटांच्या जागी खड्डे पडतात. मी जुन्या हवाई चपलेचा तुकडा कापून त्याभोवती पाव ताव गुंडाळतो. तेलकट सागवानाचा भुसा पेपरात चिकटला की जुन्या टूथब्रशने झाडायचा.

आता झडपा. इथे माझं मत दोनदा बदललं. सुतारकाकांनी पांढरट भुकटी लावलेला पेपर सुचवला होता. भाव तपकिरीच्या दुप्पट, मी म्हटलं ही शुद्ध लूट. साधा तपकिरी लावला तर घासण्याच्या उष्णतेने जुना पेंट मऊ होऊन दाण्यांवर गोळ्यांसारखा चिकटला. अर्ध्या झडपेला तीन ताव संपले. शेवटी पांढरा एकशेवीस नंबरचा एक ताव आणला, तर त्याने उरलेली अर्धी झडप काढून अजून दम धरला होता. ती पांढरी भुकटी साबणाच्या जातीची असते, पेंट चिकटू देत नाही. लूट नाही, उलट स्वस्त पडतो. फक्त नंतर झडप टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तीच भुकटी पुढच्या रंगाला नडते.

अर्थात सुटलेला पेंट आधी लांबीच्या पत्तीने खरवडायचा, ते पेपरचं काम नाही. जिथे पेंट घट्ट आहे तिथे तो उपटायचाही नाही. उघडं लाकूड आणि पेंट यांच्यामधली पायरी बोटाला लागेनाशी होईपर्यंत एकशेऐंशीने उतरती करायची. आणि धूळ गंभीरपणे घ्या. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं हे धरून चाला. मला हे उशिरा सुचलं. मग जिथे लाकूड उघडं नव्हतं तिथे मी ओलं घासलं, आणि काय सांगू, तिथे तो माझा शत्रू काळा पेपर लोण्यासारखा चालला. धूळ उडत नाही, पाणी बुजलेले दाणे धुऊन काढतं. रंगाच्या दोन हातांमध्ये तीनशेवीस नंबर ओला फिरवला तर हात फिरवत बसावंसं वाटतं. तेव्हा पेपर वाईट नाही, ते "सगळ्याला चालतो" वाईट.

गजांचा किस्सा पावसाने पूर्ण केला. तारेचा ब्रश मारून, कापडी एमरीने घासून, वर काळ्या चारशेने मी गज आरशासारखे चमकवले. पाहुण्यांना दाखवले. दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइड मारला. जुलैत पाचपैकी तीन गजांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला, खाली नारिंगी ठिपके. दोन कारणं. आरशासारख्या लोखंडावर प्रायमरला पकडायला काहीच नसतं. आणि गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं मीठ कुठल्याच पेपरने निघत नाही, ते रंगाखाली ओल धरून बसतं. वर रात्रभर उघडे ठेवले ते वेगळंच.

परवा उघडीप मिळाली तेव्हा दोन गज नव्याने केले. ब्रश मारला, मग गोड्या पाण्याने ब्रशनेच दोनदा धुतले, कोरडे पुसून हेअर ड्रायरने वाळवले. ऐंशी नंबरच्या कापडी पेपरची पट्टी गजाभोवती बूट पुसतात तशी मागेपुढे ओढली, शेवटी एकशेवीस आणि बस. लोखंड करडं, मंद दिसलं पाहिजे, चमकलं तर जास्त झालं. तासाभरात प्रायमर. कागदी पेपर इथे फाटतो, कापडीच घ्या. एमरीवरचे नंबर मात्र दुकानागणिक जुन्या पद्धतीचे असतात, "झिरो द्या" म्हणालात तर काय मिळेल ते देवाला ठाऊक, हात लावून बघा.

तिसरा गज पाऊस उघडल्यावर. पावसाळ्यात उरलेले ताव सर्दावून गुंडाळी होतात, म्हणून फरशीच्या दोन तुकड्यांत दाबून ठेवलेत. नऊ काळे ताव मुलाच्या मित्राला हवेत, तो गाडीचं बंपर रंगवतोय. तिथे चालतील.