डुप्लिकेट इंजिन ऑइल: फोटोतल्या कोणत्या खुणेवर किती विसंबायचं?

बाइकसाठी एक लिटरचा कॅन घ्यायचाय, विकणारा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतोय आणि भाव छापील किमतीच्या बराच खाली आहे. झाकणाची रिंग, आतलं फॉईल सील, लेबल आणि बॅच नंबर या चार जागा बघाव्यात हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण चौघींचं वजन सारखं नाही. डुप्लिकेट माल दोन वाटांनी येतो. एक तर गॅरेजमधून भंगारात गेलेल्या अस्सल कॅनमध्ये भलतंच ऑइल भरतात, नाहीतर कॅन, झाकण, लेबल सगळंच नव्याने बनवतात. पहिल्या वाटेने आलेल्या कॅनचं लेबल खरंच असतं, म्हणून लेबल बघून निर्धास्त होणारा माणूस हमखास फसतो.

लेबलवरून फक्त दुसरी वाट पकडता येते. तिथेही रंगावर जाऊ नका. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड यांत एकच लाल दोन तऱ्हेचा दिसतो. सगळ्यांत बारीक मजकूर बघा, म्हणजे पत्ता आणि ग्राहक सेवेची ओळ. अस्सल छपाईत ती अक्षरं एकसंध आणि काठाला धारदार असतात. स्कॅन करून छापलेल्या लेबलात त्यांची पोटं शाईने भरतात, काठावर रंगीत ठिपके दिसतात. मात्र व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं आणि चांगली अक्षरंही फुटतात, म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

रिंग जास्त बोलकी. झाकण आणि रिंग यांना प्लास्टिकचे बारीक टाके जोडतात. पहिल्यांदा फिरवलं की टाके तुटतात आणि रिंग मानेवर राहते. पुन्हा भरलेल्या कॅनवर कुठे गोंदाचा चमकणारा थेंब, कुठे गरम करून चिकटवलेला टाका दिसतो, आणि झाकण व रिंगमधली फट एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद असते. एका फोटोने हे कळत नाही. फ्लॅश बंद करून, झाकणाच्या उंचीवरून, चारही बाजूंचे फोटो मागा. नुसती सैल फिरणारी रिंग हा दोष नाही. उलट नवं झाकण बसवलेलं असेल तर टाके शाबूतच दिसतील, म्हणून रिंग चांगली असली तरी तेवढ्यावर सौदा करू नये.

खरी पकड बॅच नंबरात आहे, तीही कॅनच्या तळाशी ताडून बघितली तर. बॅच, महिना-वर्ष आणि किंमत बहुधा भरताना लाइनवर उमटवतात, त्यामुळे ओळ किंचित तिरकी किंवा ठिपक्याठिपक्यांची असणं स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो नंबरामागची चकाकी पुसट झाली असेल तर. जुना नंबर थिनरने पुसला की तिथे मंद डाग राहतो. आता कॅन उलटा करायला सांगा. बऱ्याच कॅनांच्या तळाशी, कॅन कोणत्या महिन्यात बनला ते सांगणारं, साच्याचं छोटं गोल घड्याळ उमटलेलं असतं: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. समजा तिथे २२ आहे, बाण ८ वर आहे आणि बाजूला भरल्याचा महिना मार्च २०२५ छापलाय. म्हणजे रिकामा कॅन अडीच वर्षं भरण्याची वाट बघत पडून होता! ऑइलचे कॅन इतके दिवस कोणी साठवत नाही. हा कॅन आधी एकदा विकला गेला असण्याचीच शक्यता जास्त, घेऊ नका. घड्याळ छापील तारखेच्या नंतरचं असेल तर ती तारीखच खोटी. सहा-आठ महिन्यांच्या फरकावरून मात्र काही म्हणता येत नाही, कारण बाण फिरवायला उशीरही होतो, आणि काही कॅनांवर हे घड्याळ नसतंच.

राहिलं फॉईल सील. विकणाऱ्याने पाठवलेल्या त्याच्या फोटोचा उपयोग शून्य आहे, कारण फॉईल दिसायला झाकण उघडावं लागतं आणि उघडलं की रिंगचे टाके तुटतात. तो फोटो तुम्हाला मिळणाऱ्या कॅनचा नाहीच. फॉईल घरी बघायचं. तळ, बॅच, रिंग आणि मग झाकण उघडणं, असं सगळं एकाच सलग व्हिडिओत टिपा, म्हणजे परत करताना वाद होत नाही. कारखान्यात फॉईल इंडक्शनने, म्हणजे विद्युतचुंबकीय उष्णतेने, तोंडाच्या कडेला वितळवून चिकटवतात. कडेवर एकसारखा वर्तुळाकार दाब दिसतो. इस्त्रीने किंवा गोंदाने लावलेल्या फॉईलवर सुरकुत्या, करपलेला पट्टा, कडेबाहेर आलेला गोंद दिसतो. काही कंपन्या फॉईल लावतच नाहीत, तेव्हा ते नसणं म्हणजे डुप्लिकेट असं धरू नका. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, अधिकृत विक्रेत्याकडचा कॅन शेजारी ठेवून बघा.

म्हणून घ्यायच्या आधीचा निर्णय तळाचं घड्याळ, बॅच आणि रिंग यांवर करा. तळाचा फोटो द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. आणि आपला कॅन रिकामा झाला की मानेखाली सुरीने आडवा चिरून, बॅच नंबर खरवडूनच भंगारात द्या.