वार खाली असणं आणि वार आधीच सुटणं, फरक कसा ओळखायचा
गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अंगावरून रक्त गेलं की डॉक्टर आधी दोन शक्यता बघतात, प्रीव्हिया म्हणजे वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असणं, नाहीतर अब्रप्शन म्हणजे वार गर्भाशयापासून वेळेआधी सुटणं. वार खाली असेल तर बहुतेकदा लालभडक रक्त जातं पण दुखत नाही, पोट मऊ राहतं. वार सुटली असेल तर पोट सलग दुखतं, कळ येऊन जाते तसं नाही, मध्ये सैल पडतच नाही, हात लावला तर लाकडासारखं कडक. आणि खरी भीती इथे आहे, रक्त वारेच्या मागेच साठू शकतं, पॅडवर दोन डाग आणि बाई मात्र पांढरीफटक, नाडी जोरात, त्यामुळे बाहेर किती गेलं यावर अजिबात जाऊ नका.

समजा ३४वा आठवडा, बीपी वाढलेलं, असं दुखणं सुरू झालं आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी वार सुटलेली नाही असं धरता येत नाही. प्रीव्हिया सोनोग्राफीत दिसतो, पण सुटलेल्या वारेमागचं ताजं रक्त बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून लक्षणं आणि बाळाचे ठोके बघूनच ठरवतात. प्रीव्हियात रक्त थांबलं तर अ‍ॅडमिट ठेवून वाट बघता येते, अब्रप्शनमध्ये बाळाचे ठोके बिघडले की बहुतेकदा लगेच सिझर. वार कुठे आहे ते कळेपर्यंत आतून तपासणी मात्र दोन्हीत नको, खाली असलेल्या वारेला बोट लागलं तर रक्ताची धारच लागते.