ज्येष्ठांसाठीची बोलकी यूपीआय शिकवणी: दिवाळीपासूनचा अनुभव

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या. इंदूरला रामबागेत घर, भाजी दारावरच्या ठेल्याची, आणि सुट्ट्या पैशांवरून रोजची कटकट. शेवटी त्यांनीच यूपीआय शिकायचं मनावर घेतलं. मुलं घाईत शिकवतात आणि फोन हातातून काढून घेतात, ही त्यांची तक्रार रास्तच होती. म्हणून मराठी ऑडिओ धड्यांचा एक संच घेतला. धडे घरातल्या जुन्या फोनवर लावायचे आणि हात आपल्या फोनवर चालवायचा, अशी आमची पद्धत.

धडे सांगणाऱ्या बाई संथ बोलतात, एकच गोष्ट तीनतीनदा सांगतात. मला पहिल्यांदा ऐकताना जांभया आल्या. पण त्या प्रत्येक गोष्टीला सारखा वेळ देत नाहीत, हे नंतर लक्षात आलं. स्कॅन करणं एका दमात उरकतात. त्यानंतर नाव आणि रक्कम दिसते, तिथे मात्र ठाण मांडून बसतात. "काकू, थांबा. अजून काहीही गेलेलं नाही. नाव मोठ्यानं वाचा. आता रक्कम वाचा. चाळीसच आहेत ना? परत वाचा." मग चांगली लांब शांतता.

याचा उपयोग मेथीच्या जुडीला झाला. चाळीस रुपये द्यायचे होते आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. आईंनी ते ठेल्यासमोर खणखणीत वाचलं. भाजीवाला हसला, "घरवाली का खाता है, अम्माजी." खात्यावरचं नाव दुकानाच्या पाटीपेक्षा वेगळं असणं नेहमीचंच आहे. पण कुणी त्याच्या क्यूआरवर आपला स्टिकर डकवून गेलेला असेल, तर ते कळायची जागाही हीच. आता आई नाव वाचून, समोरच्याला विचारून मगच पुढे जातात. मागे रांग लागली तरी.

पिनच्या धड्यात एक बारीक गोष्ट फार छान पकडली आहे. म्हातारी माणसं आकडा दाबताना तो तोंडानं म्हणतात. बाई बजावतात, "आता ओठ मिटा. पिन मनात." नाव मोठ्यानं, पिन मनात, हे आईंच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्या दूधवाल्याच्या बायकोलाही शिकवून आल्या. आणि प्रत्येक धड्यात पुन्हा तेच: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा.

आता खटकलेलं. धड्यात बाई म्हणतात, "पुढे जा दाबा," आणि आईंच्या फोनवर दिसतं "आगे बढ़ें". पहिला आठवडा याच गोंधळात गेला. ॲपची भाषा मराठी करून देते म्हटलं, तर आईच नको म्हणाल्या. अडलं की भाजीवाल्याला स्क्रीन दाखवायची असते, त्याला मराठी कुठे वाचता येते? शेवटी कागदावर जोड्या लिहून फ्रिजला लावल्या.

दुसरं म्हणजे, ओळखीच्या माणसाकडे पैशांची मागणी कशी पाठवायची, यावर एक अख्खा धडा आहे. तो खुशाल वगळा. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर अशी मागणी पाठवणं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झालंय. ती सोय फसवणुकीलाच जास्त कामी यायची, त्यामुळे तिथे गळा काढावा असं काही नाही.

खरी उणीव आहे ती अडकलेल्या पेमेंटची. धडा हिरव्या खुणेवर संपतो. एकदा किराणा दुकानात ती आलीच नाही. पिवळं घड्याळ, खाली "लंबित", आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा दुकानदाराचा डबा गप्प. बँकेचा मेसेज मात्र आला की पैसे कापले गेले. अशा वेळी घाबरलेलं माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवतं, आणि नंतर पहिलंही पोचलं की दोनदा गेलेले असतात. आईंनी रोख देऊन घरी येऊन मला विचारलं, हे उत्तम झालं. ॲपच्या इतिहासात तो व्यवहार उघडला, त्यातला बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत उतरवला आणि थांबलो. दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात परत आले.

रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम असा: खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचल्याची खात्री झाली नाही, तर 5 दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. व्यक्तीला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. ही एवढी माहिती त्या बाईंच्या संथ आवाजात तीनदा ऐकायला मिळाली असती, तर आईंची त्या रात्रीची झोप गेली नसती. धडे घेणार असाल तर हा भाग तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांच्या फोनवर ठेवा. आम्ही तेच केलंय.