उत्तरसूचीतला ‘कारण’ रकाना : आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा सुरू होताना दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून इंग्रजी व्याकरणाचं एक सरावपुस्तक घेतलं. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची थोडी हजेरी घेणार आहे. काळ, आर्टिकल आणि प्रेपोझिशन एवढे तीनच विषय, चाळीस स्वाध्याय, प्रत्येकात दहा वाक्यं. मागे उत्तरसूची, आणि प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीचं कारण. मी घेतलं ते या कारणांसाठीच. माझा मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीला. शेजारच्या दोन मुलीही संध्याकाळी आमच्याकडे भांडुपला अभ्यासाला येतात. तिघांच्या वह्या तपासते मी. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे ‘हे चूक का?’ असं कुणी विचारलं की पूर्वी माझं उत्तर एकच असायचं : ऐकायला बरं वाटत नाही म्हणून.

पहिला महिना जवळजवळ फुकट गेला. मी लाल पेनाने चूक खोडायची, बरोबर उत्तर लिहायची आणि त्यापुढे सूचीतलं कारण उतरवायची. मुलं मान डोलवायची. पुढच्या आठवड्यात तीच चूक नवा शर्ट घालून हजर.

गोम कुठे आहे ते एका वाक्याने दाखवलं. मुलाने लिहिलं होतं, ‘वी आर लिव्हिंग इन भांडुप सिन्स ट्वेल्व्ह इयर्स.’ सूचीतलं कारण असं : ‘सिन्स’ काळाच्या बिंदूसाठी, ‘फॉर’ काळाच्या लांबीसाठी. कारण शंभर टक्के खरं. मुलाने ते वाचून दुरुस्ती केली, ‘वी आर लिव्हिंग इन भांडुप फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ आणि वाक्य अजूनही चूकच!

झालं असं की वाक्यात चुका दोन होत्या आणि सूचीने कारण एकाचंच दिलं होतं. दोन्ही चुका एकाच मराठी वाक्यातून आल्या आहेत : ‘आम्ही बारा वर्षांपासून भांडुपला राहतोय.’ आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘बारा वर्षांपासून’ही आणि ‘२०१३ पासून’ही. इंग्रजीला तिथे दोन वेगळे शब्द लागतात. ही पहिली चूक. दुसरी जास्त लपलेली आहे. आपण ‘राहतोय’ म्हणतो, म्हणजे वर्तमानकाळ, आणि मराठीत ते अगदी योग्य आहे. इंग्रजीत मात्र मागे कधीतरी सुरू होऊन आजपर्यंत किती काळ चाललंय हे सांगायचं असेल, तर नुसता चालू वर्तमानकाळ चालत नाही. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ किंवा ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. म्हणून दुरुस्ती : ‘वी हॅव बीन लिव्हिंग इन भांडुप फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’

त्या दिवसापासून एक नियम केला. एका वाक्यात जितक्या चुका, तितकी कारणं, आणि प्रत्येक कारण वेगळ्या ओळीवर. आधी क्रियापद बघायचं, मग ‘सिन्स’-‘फॉर’. उलट क्रमाने गेलं की छोटा शब्द दुरुस्त झाल्याच्या आनंदात क्रियापद तसंच सुटतं.

आता गंमत पुढे. मुलाने यातून स्वतःचा नियम काढला : ‘फॉर’ दिसलं की ‘हॅव बीन’. दोन आठवडे सगळं बरोबर आलं, मीही खूश. मग आजोबांवर पाच वाक्यं लिहायला सांगितली. माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते, वीस वर्षं. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा गिरणीचं तोंड बघायला मिळालं नाही. मुलाने लिहिलं, ‘माय ग्रँडफादर हॅज बीन वर्किंग इन अ मिल फॉर ट्वेंटी इयर्स.’ त्याच्या नियमाप्रमाणे बिनचूक. पण या वाक्याचा अर्थ होतो की आजोबा वीस वर्षांपूर्वी गिरणीत लागले आणि आजही भोंगा वाजला की निघतात. हवं होतं साधं ‘वर्क्ड’. ‘फॉर’ फक्त लांबी सांगतं. ती लांबी आजला येऊन टेकते की आधीच संपली, हे क्रियापद सांगतं.

मग वहीत कारण बदलून लिहिलं. ‘फॉर आहे म्हणून’ हे खोडलं आणि प्रश्न टाकला : ‘अजून चालू आहे का?’ भांडुपला राहणं चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन’. गिरणी संपली, म्हणून ‘वर्क्ड’. तेव्हापासून सूचीतल्या प्रत्येक कारणाला मी एकच कसोटी लावते : हे कारण वाचून, न पाहिलेलं पुढचं वाक्य सोडवता येतं का? येत नसेल तर ते कारण नाही, उत्तराचीच दुसरी आवृत्ती आहे.

या कसोटीवर पुस्तकाचा काळाचा भाग बऱ्यापैकी पास होतो. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ यासारख्या वाक्यांना त्यात नीट कारण दिलंय : ‘काल’ म्हणजे संपलेला, नेमका वेळ, आणि तो आला की ‘हॅव’ जातं. ‘मी त्याला काल पाहिलंय’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणून चूक होते, हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते आपण सांगावं लागतं.

आर्टिकलचा भाग अर्धा चांगला आहे. ‘अ’ आणि ‘ॲन’साठी दिलेलं कारण, म्हणजे अक्षर नव्हे तर उच्चार बघा, मुलांना पटायला वेळ लागला. शेवटी मी सांगितलं, शब्द देवनागरीत लिहा. ‘युनिफॉर्म’ य ने सुरू होतो, म्हणून अ. ‘अवर’ अ ने, म्हणून ॲन. ‘एक्स-रे’ ए ने, म्हणून ॲन. ‘वन-वे रोड’ व ने, म्हणून अ. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, त्याचा असा फायदा मी आधी कधी घेतला नव्हता. फक्त एका ठिकाणी ही युक्ती तोंडघशी पाडते : वर्षाला आपण ‘इयर’ लिहितो आणि मुलगी ‘ॲन इयर’ लिहून मोकळी झाली. इंग्रजीत त्या शब्दाची सुरुवात य च्या उच्चाराने होते, म्हणून ‘अ इयर’. आपल्याच लिहिण्यात तो य हरवलाय.

‘द’च्या बाबतीत सूचीने हात टेकलेत. जिथे तिथे एकच कारण : ‘ठरावीक वस्तू म्हणून’. शेजारच्या धाकटीने विचारलं, “काकू, माझ्यासाठी तर प्रत्येक वस्तू ठरावीकच असते ना?” बरोबर विचारलं तिने. ‘आय सॉ अ डॉग ऑन द स्टेअर्स’ लिहिताना कुत्रा तिने पाहिलेला आहे, तिच्या डोळ्यांसमोर आहे. तरी ‘अ’ का? कारण बघणाऱ्याचं इथे काही चालत नाही. ऐकणाऱ्याला कोणता कुत्रा ते कळतंय का, हे बघायचं. त्याला अजून माहीत नाही, म्हणून ‘अ डॉग’. पुढच्या वाक्यात तोच कुत्रा ‘द डॉग’, कारण आता ओळख झाली. आणि जिना पहिल्यांदाच येऊनही ‘द’ घेतो, कारण आमच्या इमारतीला जिना एकच आहे, ऐकणारा चुकायचा नाही. तिघांनाही मी हेच लिहायला लावते : ‘समोरच्याला कळलं का, कोणतं?’ पूर्ण आर्टिकल यात बसत नाहीत, नद्यांच्या नावांआधीचा ‘द’ वगैरे वेगळा पाठ करावा लागतो. पण रोजच्या चुकांपैकी बऱ्याच यात निघतात.

प्रेपोझिशनच्या भागात मात्र माझं पुस्तकाशी भांडण झालं. कारण छापलंय : ‘मोठ्या शहराला इन, लहान गावाला किंवा ठिकाणाला ॲट.’ आम्हालाही शाळेत हेच शिकवलं होतं. आता दादर घ्या. ‘आय लिव्ह इन दादर’ बरोबर. ‘द फास्ट ट्रेन स्टॉप्स ॲट दादर’ हेही बरोबर. दादर मधल्या मध्ये लहान-मोठं झालं का? राहतो तेव्हा दादर एक परिसर असतो, त्याच्या आत आपण असतो, म्हणून ‘इन’. गाडी थांबते तेव्हा दादर हा मार्गावरचा एक बिंदू, म्हणून ‘ॲट’. आकाराचा संबंधच नाही, आपण त्या जागेकडे कसं बघतोय त्याचा आहे. मराठीत दोन्हीकडे ‘दादरला’ म्हणून भागतं, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवतच नाही. तोच ‘स्टेशनवर’चा घोळ. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ असं धरून मुलं ‘आय ॲम वेटिंग ऑन द स्टेशन’ लिहितात. स्टेशनला ‘ॲट’ आणि प्लॅटफॉर्मला ‘ऑन’, कारण फलाट हा पृष्ठभाग आहे, त्यावर आपण उभे असतो.

आणखी एक तक्रार. काही ठिकाणी दोन उत्तरं बरोबर असतात आणि सूचीत एकच असतं. ‘ऑन द ट्रेन’ छापलंय म्हणून मी मोठीचं ‘इन द ट्रेन’ सरळ खोडलं, दोनदा. इंग्रजीत दोन्ही चालतात. मग तिची वही परत मागून माझी खूण मलाच खोडावी लागली. आता एक चाळणी ठेवलीय : सूचीपेक्षा वेगळं उत्तर आलं तर आधी त्या मुलाने आपलं कारण सांगायचं, लाल पेन नंतर.

काही जागी मात्र कारण शोधूच नये. ‘मॅरीड टू’ का, ‘मॅरीड विथ’ का नाही? आपण ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून ‘विथ’ सुचतं, हे चुकीचं मूळ झालं. ‘टू’च का, याचं मुलांच्या उपयोगाचं उत्तर नाही. अशा जोड्यांपुढे मी ‘पाठ’ असं लिहिते. पुस्तकाने इथे ओढूनताणून कारणं दिलीत आणि मुलं तीच दुसरीकडे लावून फसतात. याउलट ‘डिस्कस अबाउट’ला सरळ कारण आहे : ‘डिस्कस’ या क्रियापदाला कर्म थेट लागतं. ‘डिस्कशन’ हे नाम असेल तेव्हा ‘अबाउट’ येतं. आपलं ‘त्याबद्दल चर्चा’ त्या नामासारखं आहे, म्हणून ‘अबाउट’ घुसतं. हे पुस्तकात हवं होतं, नाही.

सध्याची पद्धत अशी. उत्तरसूचीच्या पानांना चिमटा लावून ती माझ्याकडे. वहीत तीन रकाने : माझं वाक्य, दुरुस्ती, कारण. दुरुस्ती मी करते, कारणाचा रकाना मुलं भरतात, आणि त्याखाली त्याच कारणावर चालणारं एक नवं वाक्य स्वतः रचतात. नवं वाक्य चुकलं की कळतं, कारण नुसतं उतरवलंय. दहा वाक्यांना एका मुलामागे पाऊण तास जातो, म्हणून एका दिवशी पाचच घेते.

विकत घेणार असाल तर दुकानातच उत्तरसूची उघडा आणि ‘सिन्स’चं एखादं चुकीचं वाक्य शोधा. क्रियापदाचं कारण वेगळं दिलेलं असेल तर घ्या. माझ्या पुस्तकात नव्हतं. तरीही जूनमध्ये शेजारच्या धाकटीसाठी याचीच दुसरी प्रत घेणार आहे, कारण वाक्यं चांगली निवडलीत आणि कारणं आता आमच्या वहीत आहेत.